यवतमाळची पदवी इटालियनमध्ये नेताना

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाची. इथल्या जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि पुढच्या कामासाठी जिल्ह्याबाहेर जातात. रुईचं सूत आणि सुताचं कापड कसं होतं याचं शास्त्र शिकवणारी वस्त्र अभियांत्रिकीची शाखा यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झाली आणि तिथून पदवीधर बाहेर पडले. तिकडे इटलीत बिएल्ला हे गाव लोकरी कापडासाठी, कोमो रेशमासाठी आणि प्रातो जुन्या लोकरीपासून नवं कापड विणण्यासाठी ओळखलं जातं. यवतमाळच्या वस्त्र अभियंत्याने तिकडे जायचं ठरवलं, तर त्यात नवल नाही.

समजा, इथून बी.ई. झालेल्या एका मुलीला इटलीत अभियंता म्हणून नोंदणी करायची आहे. तिच्याकडे पदवी प्रमाणपत्र आहे, आठ सत्रांच्या गुणपत्रिका आहेत आणि विद्यापीठाने दिलेलं एकत्रित ट्रान्सक्रिप्ट आहे. हे सगळं इटालियनमध्ये व्हायला हवं. वरवर पाहता हे काम सोपं वाटतं, कारण त्या कागदांवर एकही लांब वाक्य नसतं. विषयांची नावं, आकडे, पदनामं, तारखा आणि शिक्के एवढाच मजकूर असतो. पण गफलती होतात त्या नेमक्या याच सुट्या शब्दांत. त्यातल्या बहुतेक चुका अनुवादक मदत करायच्या भावनेने करतो: इथल्या पदवीला तिथल्या पदवीचं नाव देतो, इथल्या श्रेयांकांना तिथले श्रेयांक म्हणतो. त्याचा तोटा अर्जदाराला होतो. तो कसा होतो आणि कसा टाळायचा, हे या एका उदाहरणातून पाहू.

इटालियन अनुवाद कोणाला लागतो

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. प्रत्येकाला इटालियन अनुवाद लागतोच असं नाही. इटलीतल्या अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात आणि तिथे प्रवेशासाठी इंग्रजी कागदपत्रं बऱ्याचदा तशीच स्वीकारली जातात. खासगी गिरणीत, रंगशाळेत किंवा कापडाच्या डिझाइन विभागात नोकरी असेल आणि ते काम कायद्याने नियंत्रित व्यवसायात मोडत नसेल, तर पदवीची औपचारिक मान्यता घ्यावीच लागते असंही नाही. मालकाला कागद समजले की पुरे.

मान्यतेचे मार्ग कामागणिक वेगळे आहेत. युरोपातल्या देशांनी १९९७ मध्ये लिस्बन इथे पदव्यांच्या मान्यतेचा करार केला. इटलीने तो २००२ च्या १४८ क्रमांकाच्या कायद्याने स्वीकारला. त्यानुसार पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पदवी मानायची की नाही, हे तिथलं विद्यापीठ ठरवतं. व्यवसायासाठी मात्र मंत्रालयाकडे जावं लागतं. अभियंत्याचा अर्ज न्याय मंत्रालयाकडे जातो आणि परिचारिकेचा आरोग्य मंत्रालयाकडे. या मंत्रालयांचं कामकाज इटालियनमध्ये चालतं, म्हणून आपल्या उदाहरणातल्या मुलीला अनुवाद लागणारच.

याशिवाय दोन कागदांची नावं वारंवार कानावर येतात. पहिला ‘दिक्यारात्सिओने दी वालोरे’, म्हणजे पदवीच्या मूल्याचं निवेदन. ज्या देशात शिक्षण झालं तिथला इटलीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास तो देतो. महाराष्ट्रासाठी हे काम मुंबईतल्या महावाणिज्य दूतावासाचं. संस्था मान्यताप्राप्त आहे का, अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे, प्रवेशाला काय लागतं आणि या पदवीने भारतात पुढे काय करता येतं, एवढं त्यात लिहिलेलं असतं. दुसरा कागद तुल्यतेचं प्रमाणपत्र. ते रोममधलं चिमेआ हे केंद्र देतं आणि अनेक विद्यापीठं ते पहिल्याऐवजी चालवून घेतात. यांपैकी कोणताही कागद हातात आला म्हणजे मान्यता मिळाली असं होत नाही. तो निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर ठेवायचा आधार असतो. म्हणून आपला अर्ज ज्या कार्यालयाकडे जाणार आहे त्याच्याकडूनच लेखी विचारून घ्यावं: कोणते कागद हवेत, कोणत्या भाषेत हवेत आणि अनुवाद कोणी प्रमाणित केलेला चालतो.

आधी शिक्के, मग अनुवाद

कागदांचा क्रम चुकला तर तेच काम दोनदा करावं लागतं. यवतमाळहून सुरुवात होते ती सुमारे ९० किलोमीटरवरच्या अमरावतीपासून. पदवी महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देतं. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची सही आणि शिक्का हवा. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, म्हणून ज्यांची पदवी त्याआधीची आहे त्यांना महाविद्यालय यवतमाळचं असूनही नागपूरला जावं लागतं. वैद्यकीय शाखांसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ येतं, तर तंत्रनिकेतनाच्या पदविकेसाठी राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ. कागदावर खाली ज्या संस्थेचं नाव आहे, तिचंच दार ठोठावायचं.

त्यानंतर राज्य शासनाच्या पातळीवर कागद खरा असल्याची खातरजमा होते आणि मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टिल लावतं. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार दिलं जाणारं प्रमाणन. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला आणि इटली त्याच्या आधीपासून सदस्य आहे. आपल्याकडे ते स्टिकरच्या रूपात कागदाच्या मागे लागतं. सही करणारा अधिकारी आणि शिक्का खरा आहे, एवढंच ते सांगतं. पदवीच्या दर्जाबद्दल ते काहीही बोलत नाही. इथे एक जुनी सवय आड येते. पदवी खराब होऊ नये म्हणून अनेक घरांत ती हातात पडताच लॅमिनेट केली जाते, आणि प्लास्टिकखालच्या कागदावर शिक्का उमटत नाही. अशा वेळी विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढण्यात आणखी वेळ जातो.

अपोस्टिल लागल्यावरच अनुवादाला हात घालावा. कारण ते स्टिकरही त्या कागदाचाच भाग आहे. त्याचा क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचं पद हे सगळं इटालियनमध्ये यावं लागतं. आधी अनुवाद करून नंतर अपोस्टिल लावलं, तर मूळ कागदावर एक मजकूर जास्त आणि अनुवादात तो नाही, अशी तफावत दिसते आणि फाइल परत येते. गुणपत्रिकेची मागची बाजूही याच कारणाने महत्त्वाची. तिथे श्रेणींचा तक्ता, उत्तीर्ण होण्याची अट आणि संक्षेपांचा अर्थ छापलेला असतो. झेरॉक्स काढताना मागची बाजू राहून जाते आणि मग समोरच्या बाजूवरची अक्षरं वाचायची किल्लीच इटलीतल्या अधिकाऱ्याच्या हाती पडत नाही.

पदवीचं नाव जसंच्या तसं

आता प्रत्यक्ष मजकुराकडे येऊ. पदवी प्रमाणपत्रावर बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग असं लिहिलं आहे. अनुवादक सरळ ‘लाउरेआ’ असा शब्द टाकतो, कारण शब्दकोशात पदवीला तोच शब्द सापडतो. पण लाउरेआ हे इटलीच्या कायद्यातल्या एका ठरावीक पदवीचं नाव आहे. ती तीन वर्षांची असते. तिच्यापुढे दोन वर्षांची ‘लाउरेआ माजिस्त्राले’ असते. आपल्या मुलीची पदवी चार वर्षांची आहे. लाउरेआ म्हटलं तर चार वर्षांचं शिक्षण तीन वर्षांच्या चौकटीत जाऊन बसतं. लाउरेआ माजिस्त्राले म्हटलं तर जे मिळवलेलं नाही त्याचा दावा केल्यासारखं होतं, आणि शपथेवर दिलेल्या कागदात तो दावा अंगलट येऊ शकतो.

यावर उपाय साधा आहे आणि लिस्बन कराराशी जोडलेल्या शिफारशींतही तो सांगितलेला आहे: पदवीचं नाव मूळ भाषेतच ठेवायचं. अनुवादात बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग हे रोमन लिपीत जसं छापलं आहे तसंच राहतं. शाखेचं नाव, वर्षं आणि बाकीचा मजकूर तेवढा इटालियनमध्ये येतो. ही पदवी तिथल्या कशाशी जुळते हे ठरवणं निर्णय घेणाऱ्याचं काम आहे, आणि ते त्याने मूळ नाव पाहूनच करावं.

पदविकेच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं लागतं. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षं शिकून अनेक मुलं बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतात. त्यांच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये पहिली दोन सत्रं नसतात. इटलीतल्या वाचणाऱ्याला चार वर्षांच्या पदवीत सहाच सत्रं दिसतात आणि तो दोन सत्रं गहाळ समजतो. त्यात इटालियनमध्ये ‘दिप्लोमा’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उच्च माध्यमिक शाळेचं प्रमाणपत्र येतं. म्हणून अशा विद्यार्थ्याने पदविकेची गुणपत्रिकाही अनुवादासह जोडावी आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाल्याचा उल्लेख विद्यापीठाकडूनच ट्रान्सक्रिप्टमध्ये करून घ्यावा. अनुवादकाच्या टिपेपेक्षा विद्यापीठाच्या एका ओळीचं वजन कितीतरी जास्त असतं.

१६० आणि १८० मधला घोटाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक श्रेयांकांची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीसाठी एकूण १६० श्रेयांक धरले. आपल्या मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर हाच आकडा आहे असं समजू. इटलीत तीन वर्षांच्या लाउरेआला १८० श्रेयांक लागतात, म्हणजे वर्षाला ६०. तिथल्या श्रेयांकाला थोडक्यात ‘चीएफेऊ’ म्हणतात. अनुवादकाने आपल्या श्रेयांकांसमोर हा संक्षेप लिहिला, तर वाचणाऱ्याला काय दिसतं? चार वर्षं शिकूनही १६०, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीलाही वीस कमी.

प्रत्यक्षात ही दोन मापं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आपल्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान असेल तर संपूर्ण सत्राचा मिळून एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिकाचे दोन तास असतील तरी एकच. यात फक्त वर्गातला आणि प्रयोगशाळेतला वेळ येतो. इटलीतला एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ तासांचे एकूण कष्ट: वर्ग, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी सगळं धरून. म्हणजे एका सत्रात सुमारे १५ आठवडे आठवड्याला एक तास व्याख्यान ऐकलं, तर आपला एक श्रेयांक होतो. त्यावर घरी केलेला अभ्यास आपण मोजतच नाही. तिथे तो मोजला जातो. चार वर्षांच्या पूर्णवेळ शिक्षणाला तिथल्या हिशेबाने वर्षाला ६० धरून २४० श्रेयांक होतात.

म्हणून अनुवादकाला दोन मोह टाळावे लागतात. एक म्हणजे चीएफेऊ लिहिण्याचा आणि दुसरा म्हणजे आकडा स्वतःच बदलून २४० करण्याचा. १६० हा आकडा तसाच राहतो, त्यापुढे फक्त ‘क्रेदिती’, म्हणजे श्रेयांक, एवढंच येतं. खाली टीप द्यायची असेल तर ती विद्यापीठाने छापलेल्या व्याख्येचीच असावी. अर्जदाराच्या बाजूने बोलायचं काम अभ्यासक्रमाचा तपशील करतो. आठवड्याचे तास, सत्राची लांबी, प्रात्यक्षिकांची संख्या हे सगळं विद्यापीठाच्या शिक्क्याच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेतून दाखवता येतं. व्यवसायाच्या मान्यतेसाठी हा तपशील बऱ्याचदा मागितलाही जातो, आणि अनुवादाचा खरा पसारा तिथेच वाढतो.

गुणांनाही हाच नियम लागू. इटलीत प्रत्येक परीक्षेचे गुण ३० पैकी असतात, उत्तीर्ण व्हायला १८ लागतात, आणि अंतिम पदवीचे गुण ११० पैकी दिले जातात. आपल्याकडे १०० पैकी ६५ म्हणजे प्रथम श्रेणी. हे ६५ तिथल्या मापात बसवून देणं हे अनुवादकाचं काम नाही. त्याने श्रेणींचा तक्ता बरोबर उतरवला की वाचणाऱ्याला ६५ चं स्थान कळतं. बदल फक्त लिहिण्याच्या पद्धतीत होतो: तिकडे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे ८.२४ हा सरासरी श्रेणीअंक तिथे ८,२४ असा लिहिला जातो. आणि नापास झालेल्या विषयांची ओळ गाळायची नाही. गुणपत्रिकेवर ती आहे आणि अनुवादात नाही, हे कळलं की उरलेल्या सगळ्या कागदांवर संशय येतो.

विदर्भाचा हिवाळा, इटलीचा हिवाळा

अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी म्हणून ओळखल्या जातात आणि गुणपत्रिकेवर तसंच छापलं जातं. आपल्या मुलीचं सहावं सत्र उन्हाळी २०२२ मध्ये आणि सातवं हिवाळी २०२२ मध्ये झालं असं समजू. इथे कुणालाही त्यात अडचण वाटत नाही: आधी उन्हाळा गेला, मग वर्षाच्या शेवटाकडे हिवाळी परीक्षा झाली.

इटलीतल्या विद्यापीठांतही परीक्षांची सत्रं ऋतूंच्या नावाने असतात. पण तिथली ‘सेस्सिओने एस्तीवा’, म्हणजे उन्हाळी फेरी, जून-जुलैच्या सुमारास येते आणि ‘इन्व्हेर्नाले’, म्हणजे हिवाळी फेरी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. अनुवादकाने हिवाळी २०२२ ला तोच शब्द लावला, तर वाचणाऱ्याच्या मनात जानेवारी २०२२ येतो. मग त्याच्या हिशेबाने सातव्या सत्राची परीक्षा सहाव्या सत्राच्या आधी काही महिने झालेली असते. एवढी विसंगती दिसली की तो खुलासा मागतो किंवा कागद बनावट असल्याची शंका घेतो.

इथेही मूळ शब्द जपणं हाच मार्ग आहे. परीक्षेच्या फेरीचं छापील नाव तसंच ठेवावं, त्याचा अर्थ पुढे द्यावा आणि निकालाची तारीख ठळक दिसेल अशी उतरवावी, कारण ती ऋतूवर अवलंबून नसते. विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्ट मागतानाच प्रत्येक सत्रासमोर परीक्षेचा महिना आणि वर्ष घालण्याची विनंती केली, तर प्रश्न मुळातच उरत नाही.

पदनामं, विषय आणि स्वतःचं नाव

प्रमाणपत्राच्या तळाशी कुलगुरूंची सही असते आणि त्याखाली इंग्रजीत व्हाइस चान्सलर असं छापलेलं असतं. त्याचं शब्दशः इटालियन ‘वीचे कांचेल्लिएरे’ होतं. इटलीत कांचेल्लिएरे म्हटलं की न्यायालयाचा कारकुनी अधिकारी आठवतो. म्हणजे विद्यापीठप्रमुखाची सही न्यायालयातल्या उपलिपिकाची वाटू शकते. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्याचे राज्यपाल आणि विद्यापीठ प्रत्यक्ष चालवतात कुलगुरू. तिथे ते काम ‘रेत्तोरे’ करतो. म्हणून मूळ पदनाम ठेवून त्यापुढे कंसात रेत्तोरेचं काम करणारा अधिकारी असं लिहिलं, की अर्थ स्पष्ट होतो. कॉलेज या शब्दाचं ‘कोल्लेजो’ करू नये, कारण तिथे त्याचा पहिला अर्थ वसतिगृह असलेली शाळा असा होतो. ‘विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय’ ही रचनाच इटलीत नाही. त्यामुळे पदवी देणारी संस्था अमरावती विद्यापीठ आहे आणि यवतमाळचं महाविद्यालय शिकवणारी संस्था आहे, हे अनुवादात दोन वेगळ्या ओळींत दिसायला हवं. नाहीतर तपासणारा महाविद्यालयाचं नाव विद्यापीठांच्या यादीत शोधत बसतो आणि ते त्याला सापडत नाही.

विषयांची नावं मात्र अर्थाने भाषांतरित करावीच लागतात, आणि इथे अनुवादकाला विषयाची जाण असणं उपयोगी पडतं. इंग्रजीतल्या फॅब्रिकशी कानाला जुळणारा इटालियन शब्द ‘फाब्ब्रिका’, त्याचा अर्थ कारखाना. कापडाला ‘तेस्सूतो’ म्हणतात. सूतकताई म्हणजे ‘फिलातूरा’, विणाई म्हणजे ‘तेस्सितूरा’ आणि यवतमाळला जवळचं जिनिंग म्हणजे ‘झ्ग्रानातूरा’. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स या विषयातल्या स्ट्रेंग्थसाठी शब्दकोशातला ‘फोर्त्सा’, म्हणजे जोर, उचलला तर अभियंता गोंधळतो, कारण तो विषय तिथे पदार्थांचा रोध या अर्थाने, ‘रेसिस्तेन्त्सा’ या शब्दाने ओळखला जातो. प्रत्येक विषयाच्या इटालियन नावाशेजारी छापील इंग्रजी नाव ठेवावं. वाचणाऱ्याला शंका आली तर त्याला मूळ तिथेच सापडतं.

आणि शेवटी नाव. आपल्या गुणपत्रिकेवर बऱ्याचदा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव आणि मग वडिलांचं नाव येतं. आईचं नावही वेगळं छापलेलं असतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव अनेकदा एकाच रकान्यात असतं. इटलीत दोनच रकाने: ‘कोन्योमे’, म्हणजे आडनाव, आणि ‘नोमे’, म्हणजे नाव. तिथे प्रत्येकाला करओळख क्रमांक, ‘कोदिचे फिस्काले’, मिळतो आणि त्याची पहिली सहा अक्षरं आडनाव आणि नावातल्या व्यंजनांवरून ठरतात. समजा, आडनाव राठोड, नाव स्नेहा आणि वडिलांचं नाव रमेश आहे. नाव फक्त स्नेहा धरलं तर रोमन लिपीतली तीन व्यंजनं SNH येतात. नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असेल तर व्यंजनं चारांहून जास्त होतात आणि नियमाप्रमाणे पहिलं, तिसरं आणि चौथं घेतलं जातं: SHR. एकाच मुलीचे दोन वेगळे क्रमांक होऊ शकतात. म्हणून अनुवादात नाव मूळ कागदावर आहे तसंच उतरवावं आणि कोणता भाग आडनाव आहे ते टीप देऊन पासपोर्टशी जुळवून दाखवावं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला वेगळा घ्यावा. ते काम अनुवादकाच्या टिपेने भागत नाही.

शपथ आणि तिची मर्यादा

अनुवाद झाला म्हणजे तो अधिकृत झाला असं नाही. इटलीच्या नियमांनुसार परदेशी कागदाचा अनुवाद मूळ मजकुराशी जुळतो असं कोणीतरी प्रमाणित करावं लागतं. त्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक म्हणजे भारतातल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासाकडून अनुवाद मुळाबरहुकूम असल्याचं प्रमाणपत्र घेणं. दुसरा म्हणजे इटलीत न्यायालयासमोर शपथ. तिथे अनुवादक स्वतः न्यायालयाच्या कार्यालयात हजर होतो आणि आपण सोपवलेलं काम प्रामाणिकपणे केलं अशी शपथ घेऊन सही करतो. अर्जदाराला स्वतःच्या कागदांचा असा अनुवाद करून शपथ घेता येत नाही. मूळ कागदाची प्रत, अनुवाद आणि शपथेचा कागद एकत्र बांधले जातात आणि त्यावर १६ युरोचं मुद्रांक तिकीट लागतं, साधारणपणे दर चार पानांना एक. अभ्यासक्रमाची जाड पुस्तिका जोडायची असेल, तर हा खर्च आणि पानांवर मोजलं जाणारं अनुवादाचं शुल्क झपाट्याने वाढतं. त्यामुळे कोणत्या विषयांचा तपशील हवा हे आधी विचारलेलं बरं.

न्यायालय अनुवाद वाचून तपासत नाही. चुकीची जबाबदारी अनुवादकाने शपथेने घेतलेली असते, पण त्या चुकीचा फटका अर्जदाराला बसतो. म्हणून शपथेआधी मसुदा मागून घ्यावा आणि मूळ कागद शेजारी ठेवून वाचावा. इटालियन येत नसलं तरी बरंच काही कळतं. मुळातले शिक्के मोजा, तेवढेच अनुवादात चौकटी कंसात नोंदलेले दिसतात का ते पाहा. मराठी शिक्क्याच्या जागी नुसतं ‘अवाचनीय’ लिहिलं असेल, तर त्याचा इंग्रजी अर्थ अनुवादकाला द्या. प्रमाणपत्रावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असतील, तर अनुवाद कोणत्या भाषेवरून केला हे लिहून घ्या. लाउरेआ हा शब्द किंवा चीएफेऊची CFU ही अक्षरं कुठे दिसली, तर थांबून विचारा. सगळे आकडे, बैठक क्रमांक आणि निकालाच्या तारखा एकेक करून जुळवा.

एवढं करूनही मान्यता मिळेलच असं नाही. अभियंत्याच्या अर्जात मंत्रालयाला अभ्यासात फरक दिसला, तर ते पूरक परीक्षा किंवा देखरेखीखालच्या कामाचा काळ सांगू शकतं. तो फरक खरोखरच असेल, तर अनुवादाने तो झाकू नये. पण १६० आणि १८० मधला, हिवाळी आणि जानेवारीमधला, कुलगुरू आणि न्यायालयाच्या लिपिकामधला जो फरक केवळ भाषांतराने निर्माण होतो, त्याची किंमत यवतमाळच्या पदवीधराने मोजण्याचं काही कारण नाही. तो मसुद्यातच सापडतो आणि मसुद्यातच दुरुस्त करता येतो.